F4: क्रिया तिची, जागा आपली

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या खिडकीत अगदी वर, डाव्या कोपऱ्यात, दोन छोटे बाण शेजारी शेजारी असतात. पहिला मागे वळलेला, अनडूचा. दुसरा मात्र एका रूपात कधी राहत नाही. काहीतरी टाइप करून माउस त्याच्यावर नेऊन ठेवला, तर तिथे `Repeat Typing` असं वाचायला मिळतं. एखादा शब्द ठळक केला, तर तेच बटण `Repeat Bold` म्हणतं. मग `Ctrl+Z` दाबून तो ठळकपणा मागे घ्यावा. गोल फिरलेला बाण जातो, पुढे वळलेला बाण येतो आणि नाव होतं `Redo Bold`. कधी कधी बटण फिकट पडतं आणि `Can't Repeat` एवढंच सांगतं. दिवसभर वर्डमध्ये काम करणारी माणसंही हे दोन-तीन शब्द सहसा वाचत नाहीत. पण कीबोर्डवरची `F4` ही कळ दाबल्यावर काय घडणार, हे आधी सांगणारी ओळ तीच आहे. म्हणून एखादी कविता वाचावी तशी ही ओळ सावकाश वाचायची आहे. तिच्यात काय आहे, काय मुद्दाम गाळलं आहे आणि कुठे ती दोन अर्थांनी बोलते, हे पाहायचं आहे.

आधी तिने काय गाळलं आहे ते पाहू. `Repeat Bold` मध्ये कोणता शब्द ठळक केला होता त्याचा पत्ता नाही, कोणत्या पानावर केला त्याचाही नाही. मराठीच्या व्याकरणात बोलायचं तर `F4` ला क्रियापद आठवतं, कर्म आठवत नाही. कर्म आपण पुरवायचं. कर्सर जिथे असेल किंवा जो मजकूर निवडलेला असेल, ते तिचं नवं कर्म. या कळीची सगळी ताकद या विस्मरणात आहे. जागाही तिला आठवली असती, तर ती त्याच जागी तेच काम पुन्हा करत बसली असती.

तिच्या विस्मरणाची दुसरी बाजू अशी, की ती फक्त शेवटची क्रिया जपते. आधीची नाही, त्याच्या आधीची तर नाहीच. एखादं वाक्य निवडून `Ctrl+B` आणि मग `Ctrl+I` दाबलं, पुढचं वाक्य निवडून `F4` दाबली, तर दुसरं वाक्य फक्त तिरकं होतं. आपल्या मनात ‘ठळक आणि तिरकं’ हे एकच काम असतं, पण वर्डच्या हिशेबात त्या दोन क्रिया झाल्या. तेच काम `Ctrl+D` दाबून फॉन्टची चौकट उघडून केलं, तिच्यात ठळक, तिरकं, आकार आणि रंग असे चारही बदल करून एकदाच `OK` म्हटलं, तर ती सगळी मिळून एक क्रिया ठरते. मग `F4` चारही बदल एका दाबात पुढच्या वाक्यावर नेते. परिच्छेदाच्या चौकटीचंही असंच. एका `OK` ने जेवढं बंद होतं, तेवढं एक काम. `F4` बरोबर काम करताना रिबनवरच्या सुट्या बटणांपेक्षा चौकटी जवळच्या वाटू लागतात, त्याचं कारण हेच.

पण क्रिया म्हणजे नेमकं काय? कर्सर हलवणं, पान सरकवणं, मजकूर निवडणं, शोध घेणं यांपैकी काहीही वर्डच्या लेखी क्रिया नाही. म्हणून एक परिच्छेद मांडून झाल्यावर चाळीस पानं पुढे जावं, मधला मजकूर वाचावा, मागे येऊन काही ताडून पाहावं. `F4` तोवर आपलं क्रियापद धरून थांबलेली असते. याउलट एकच अक्षर टाइप झालं, नुसती स्पेसही पडली, की ती नवी क्रिया. मग `F4` दाबल्यावर परिच्छेद आत सरकत नाही, तिथे फक्त एक स्पेस उमटते. डोळ्यांना ती दिसतही नाही. ‘कळ चालत नाही’ अशी तक्रार अनेकदा इथून येते. कळ चाललेली असते, तिने तिचं काम चोख केलेलं असतं. मात्र मधल्या वेळात काम बदललं होतं.

या शिस्तीचा अर्थ एवढाच, की मांडणीची फेरी आणि मजकूर दुरुस्तीची फेरी वेगवेगळी ठेवायची. मांडणी करत पुढे जाताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली, की हात शिवशिवतो. तो आवरायचा. चूक दिसली ते पान बाजूच्या कागदावर लिहून ठेवायचं आणि पुढे जायचं.

हे सगळं एका ठोस कामावर ताडून पाहू. समजा संतवाङ्मयावरच्या लेखांचं एक पुस्तक छपाईसाठी तयार करायचं आहे. लेखकाने वर्डमध्ये टाइप करून पाठवलेली सुमारे दोनशे पानं आहेत. गद्याच्या मधे मधे पन्नास-साठ अभंग आणि काही सुट्या ओव्या येतात. लेखकाने त्या गद्याच्याच मांडणीत टाइप केल्या आहेत. पुस्तकात त्या वेगळ्या दिसायला हव्यात. डावीकडून १.२५ सेंटिमीटर आत, पहिल्या ओळीला वेगळी जागा नाही, वर आणि खाली ६ पॉइंट मोकळे, ओळी डावीकडे लागलेल्या, आणि अक्षर गद्यापेक्षा एक पॉइंट लहान.

पहिला अभंग समोर आला, की `F4` आठवण्याआधी `Ctrl+Shift+8` दाबावं. पडद्यावर एरवी न दिसणाऱ्या खुणा उमटतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी ¶ दिसला, तर लेखकाने चारही ओळी एंटर दाबून तोडल्या आहेत, म्हणजे वर्डसाठी ते चार परिच्छेद आहेत. वर-खाली सहा पॉइंट दिले, की ते प्रत्येक ओळीला मिळतात आणि अभंग विस्कटल्यासारखा दिसतो. शिवाय एका अभंगाला चार वेळा `F4` दाबावी लागते. ओळींच्या शेवटी खाली येऊन डावीकडे वळलेला बाण दिसला, तर त्या `Shift+Enter` ने तोडलेल्या आहेत आणि सगळा अभंग हा एक परिच्छेद आहे. आपल्याला हवं ते हे. पहिल्या प्रकारची पानं असतील, तर शेवटची खूण वगळून अभंगाच्या ओळी निवडाव्यात, `Ctrl+H` उघडून `^p` च्या जागी `^l` घालावं, आणि बाकी दस्तऐवजातही शोधू का असं वर्डने विचारलं तर नाही म्हणावं. हे काम मांडणीच्या फेरीच्या आधी, स्वतंत्रपणे संपवायचं. मधेच केलं तर `F4` चं क्रियापद बदलतं. ओळी डावीकडे लावायच्या त्याही या `Shift+Enter` मुळेच. परिच्छेद दोन्ही बाजूंनी समान केलेला असेल, तर `Shift+Enter` ने तोडलेली छोटी ओळ काही वेळा पानभर ताणली जाते आणि शब्दांमध्ये खिंडी पडतात.

आता परिच्छेदाची चौकट: `Alt`, मग `H`, `P`, `G` अशा क्रमाने दाबलं की ती उघडते. डावीकडची जागा, वरची-खालची जागा आणि डावं अलाइनमेंट, सगळं एकदाच भरून `OK`. वर्डला आता एक क्रियापद मिळालं. परिच्छेदाच्या मांडणीला सगळा परिच्छेद निवडावा लागत नाही. कर्सर त्यात कुठेही असला तरी पुरतं. तेव्हा प्रश्न उरतो तो पुढच्या अभंगापर्यंत लवकर पोहोचण्याचा.

इथे मराठी पद्यलेखनाची परंपरा मदतीला येते. अभंगाच्या कडव्यांच्या शेवटी दुहेरी दंडात क्रमांक असतो आणि ॥१॥ ही खूण एका अभंगात सहसा एकदाच येते. तेव्हा शोधायचं ते ॥१॥. फक्त ॥ शोधलं तर एकाच अभंगात सात-आठ वेळा थांबावं लागतं. पहिल्यांदा शोध-चौकटीत ॥१॥ घालून शोधावं आणि चौकट बंद करावी. त्यानंतर चौकट पुन्हा उघडायची गरज नाही, कारण `Shift+F4` ही कळ शेवटचा शोध पुढे चालवते. म्हणजे एकाच कळीला दोन कामं मिळाली: शिफ्टसह दाबली तर पुढचा अभंग गाठायचा, नुसती दाबली तर तो मांडायचा. शोध घेणं ही क्रिया नाही, हे वर पाहिलं, म्हणून मांडणीचं क्रियापद शाबूत राहतं. `Shift+F4`, डोळ्यांनी खात्री, `F4`; पुन्हा `Shift+F4`. पन्नास अभंगांचं हे काम इतकं सलग होतं, की हाताला माउसची आठवण होत नाही.

मधला ‘डोळ्यांनी खात्री’ हा टप्पा मी मुद्दाम लिहिला आहे, आणि `F4` चं खरं मोल मला तिथेच दिसतं. शोधा-आणि-बदला वापरूनही मांडणी एका झटक्यात करता येते. पण त्याला अशी खूण लागते, जी प्रत्येक ठिकाणी नेमकी तीच असेल आणि नको तिथे मुळीच नसेल. लेखकांच्या टंकलेखनात असं क्वचितच घडतं. कुणी ॥ ऐवजी एकेरी दंड दोनदा टाइप करतो, कुणी इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ दोनदा, कुणी आकडा इंग्रजी घालतो. एखाद्या ठिकाणी गद्य वाक्याच्या ओघातच कडव्याचा उल्लेख क्रमांकासह येतो. ते वाक्य आत सरकवायचं नसतं. कुठे लेखकाने एकच चरण उद्धृत केलेला असतो, त्याला क्रमांकच नसतो. ‘सर्व बदला’ म्हटलं की निर्णय यंत्राने घेतला. `F4` मध्ये निर्णय प्रत्येक वेळी माझा असतो आणि मेहनत तिची. जिथे काम एकसारखं पण ते करावं की नाही हे ठिकाणागणिक ठरवावं लागतं, तिथे ही कळ शोभते. शोधात न सापडलेल्या ओव्या पानं सरकवताना डोळ्यांनी हेरायच्या, कर्सर आत ठेवायचा, `F4`. क्रियापद अजून तेच असतं.

अक्षराच्या आकाराचं काय? तो परिच्छेदाच्या चौकटीत नसतो, त्यासाठी फॉन्टची चौकट. म्हणजे दुसरी क्रिया, दुसरी फेरी. इथे दोन गोष्टी अडवतात. पहिली अशी, की `Shift+F4` ने गेल्यावर फक्त ॥१॥ एवढीच अक्षरं निवडलेली असतात आणि फॉन्टची क्रिया निवडलेल्या अक्षरांवरच लागते. तिथे `F4` दाबली, तर अभंग तसाच राहतो आणि क्रमांक तेवढा बारीक होतो. दुसरी अडचण देवनागरीची. भारतीय भाषा सुरू केलेल्या वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीचे दोन भाग असतात. वरचा रोमन अक्षरांसाठी आणि खालचा `Complex scripts` नावाचा. देवनागरी खालच्या भागाचं ऐकते. वरच्या भागात १२ चं ११ केलं आणि `OK` म्हटलं, तर मराठी ओळी तसूभरही बदलत नाहीत. मग `F4` दाबत गेलो, तर प्रत्येक अभंगावर काहीही न दिसणारी क्रिया घडत जाते. निरर्थक नव्हे, न दिसणारी! पुढे त्या अभंगात कुठे इंग्रजी अंक किंवा रोमन शब्द आला, की तो एकटाच लहान दिसतो, आणि हे कुठून आलं ते कुणाला कळत नाही.

या दोन्ही अडचणींतून निघायचा रस्ता एकच: दोन क्रियांची एक क्रिया करायची. वर्डमध्ये ते काम स्टाइल करते. `Ctrl+Alt+Shift+S` ने स्टाइलचा रकाना उघडावा, नवी स्टाइल करावी, तिचं नाव ‘अभंग’ ठेवावं. परिच्छेदाची सगळी मापं तिच्यात घालावीत, फॉन्टचा आकार `Complex scripts` च्या भागात ११ करावा. आणि एक बारीक जागा चुकवू नये: `Style type` समोर `Linked (paragraph and character)` असेल, तर ते बदलून `Paragraph` करावं. जोड प्रकारची स्टाइल परिच्छेदातला थोडाच मजकूर निवडलेला असताना लावली, तर ती तेवढ्याच अक्षरांना लागते, म्हणजे पुन्हा ॥१॥ ची तीच गत. निव्वळ परिच्छेदाची स्टाइल कुठलाही तुकडा निवडलेला असला तरी सगळ्या परिच्छेदाला लागते.

मग पहिल्या अभंगाला ही स्टाइल लावावी. स्टाइल लावणं ही एक क्रिया आहे, म्हणून `F4` तिलाही उचलते. आता जागा, मोकळीक, अलाइनमेंट, अक्षराचा आकार असं सगळं एका दाबात. स्टाइल की `F4`, असा वाद काही जाणकार घालतात. स्टाइल वापरणारा शिस्तीचा आणि `F4` वापरणारा घाईचा, असा त्यांचा सूर असतो. मला हा वाद पटत नाही. स्टाइल सांगते अभंग कसा दिसावा, `F4` ते सांगणं पन्नास ठिकाणी पोहोचवते. छपाईच्या आदल्या आठवड्यात प्रकाशकाने आकार साडेदहा करायला सांगितला, तर स्टाइलमध्ये एक आकडा बदलून भागतं. नुसत्या `F4` ने मांडलेले अभंग असते, तर सगळी फेरी पुन्हा करावी लागली असती.

फॉर्मॅट पेंटर हे तिसरं हत्यार. त्याच्याशी तुलना केली, की `F4` चा स्वभाव आणखी उमटतो. ब्रश एका ठिकाणचं सगळं रूप उचलतो: फॉन्ट, आकार, रंग, ठळकपणा, जे असेल ते. `F4` फक्त केलेला बदल उचलते. मजकुरात काही शब्द ठळक आहेत, काही तिरके आहेत, आणि दोन्ही प्रकारच्या शब्दांवर पिवळा हायलाइट मारायचा आहे, तर ब्रश तिरक्या शब्दालाही ठळक करून टाकेल. `F4` पिवळा रंग देईल आणि बाकी रूपाला हात लावणार नाही.

आता त्या बाणाच्या दुहेरी अर्थाकडे. या सगळ्या रचनेतली सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत सदोष जागा ती आहे. फेरी चालू आहे. पहिला अभंग स्टाइलने मांडला, दुसरा आणि तिसरा `F4` ने. चौथ्या वेळी घाईत गद्याच्या परिच्छेदावर `F4` पडली. स्वाभाविकपणे हात `Ctrl+Z` कडे जातो. परिच्छेद पूर्ववत होतो. मग पुढचा खरा अभंग गाठून `F4` दाबली, आणि तो अभंग जसाच्या तसा. उलट कर्सर मागे उडी मारतो आणि तोच गद्य परिच्छेद पुन्हा आत सरकलेला दिसतो!

वर्डमध्ये `F4` आणि `Ctrl+Y` या दोन्ही कळांचं काम ‘रीडू किंवा रिपीट’ असं ठरलेलं आहे. मागे घेतलेलं काही शिल्लक असेल, तर रीडू आधी. नसेल तरच रिपीट. आपण `Ctrl+Z` दाबलं त्या क्षणी एक शिल्लक तयार झाली. त्यानंतरच्या `F4` ने ती शिल्लक फेडली, म्हणजे चूक परत आणली. आणि रीडूला जागा आठवते. त्याच्या क्रियापदाला कर्म जोडलेलं असतं. बाणाखालची ओळ वाचली असती, तर `Repeat` च्या जागी `Redo` आलेलं दिसलं असतं. बाणाचा आकारही गोल राहिलेला नसतो. एकच कळ, पण एका अर्थाने ती जागा विसरते आणि दुसऱ्या अर्थाने जागा पक्की धरते.

यातून सुटायचे मार्ग दोन. `Ctrl+Z` नंतर पुढच्या खऱ्या अभंगाला स्टाइल पुन्हा हाताने लावायची. नवी क्रिया घडली की मागे घेतलेल्याची शिल्लक कायमची पुसली जाते, बाण पुन्हा गोल होतो आणि फेरी पुढे चालू होते. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो: फेरीच्या मधे `Ctrl+Z` ला हातच लावायचा नाही. चुकीचा परिच्छेद तसाच सोडून पान लिहून ठेवायचं, सगळे अभंग संपवायचे आणि शेवटी त्या एक-दोन परिच्छेदांना गद्याची स्टाइल परत द्यायची. तेही काम `F4` ने होतं, कारण आता क्रियापद ‘गद्याची स्टाइल लाव’ हे झालेलं असतं.

सदोष म्हणतो, कारण ही अडचण अटळ नाही. बिल जॉय यांनी १९७६ साली लिहायला घेतलेल्या व्हीआय या एडिटरमध्ये शेवटचा बदल पुन्हा करायला पूर्णविरामाची कळ आहे आणि मागे घ्यायला `u`. त्याच्या आज वापरात असलेल्या विम या वारसात रीडूला `Ctrl+R` ही वेगळी कळ आहे. तिथे `u` दाबून एक चूक मागे घेतली आणि पुढच्या जागी जाऊन पूर्णविराम दाबला, तर शेवटचा बदलच पुन्हा होतो. मागे घेणं हा बदल धरला जात नाही, म्हणून पूर्णविरामाची आठवण ढळत नाही. लिब्रेऑफिसनेही रीडूला `Ctrl+Y` आणि रिपीटला `Ctrl+Shift+Y` अशी वेगळी घरं दिली आहेत. तिथे रिपीट वर्डइतकं सगळ्या क्रियांना लागू पडत नाही, ही उणीव खरी, पण दोन अर्थांची गल्लत तरी होत नाही. वर्डमध्ये निव्वळ रीडूसाठी `Alt+Shift+Backspace` ही जोडणी आहे. निव्वळ रिपीटला मात्र कीबोर्डवर स्वतंत्र कळ दिलेली नाही. एवढ्या जुन्या आणि एवढ्या विचारपूर्वक घडवलेल्या साधनात ही फट राहावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण `Ctrl+Z` आणि `Ctrl+Y` यांची जोडी फक्त चुका निस्तरण्यासाठी नाही, आणि तिचा एक उपयोग मला फार आवडतो. लांब अभंगाला स्टाइल लावल्यावर त्याच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर गेल्या, की आधीच्या मांडणीतही त्या तिथेच होत्या का, हे सांगता येत नाही. अशा वेळी नजर पानाच्या तळाशी रोखून `Ctrl+Z`, मग `Ctrl+Y`, पुन्हा `Ctrl+Z`, पुन्हा `Ctrl+Y` असं केलं, की दोन्ही रूपं एकाच जागी आलटून पालटून दिसतात. शेजारी ठेवलेल्या दोन पानांची तुलना करताना डोळा इकडून तिकडे जातो आणि सूक्ष्म फरक निसटतो. इथे डोळा हलत नाही, मजकूर हलतो. एखादी ओळ कुठे सरकली, कोणता शब्द खालच्या ओळीत गेला, खालच्या पट्टीतला पानांचा आकडा एकाने वाढला का, हे सगळं लगेच कळतं. दोन अटी पाळायच्या. मधे काहीही टाइप करायचं नाही, नाहीतर पुढचा रस्ता पुसला जातो. आणि ही ये-जा `Ctrl+Y` वर संपवायची, मग `F4` दाबण्याआधी बाणाखालची ओळ एकदा वाचायची.

अनडूच्या बाणाशेजारी खालच्या टोकाचा छोटा त्रिकोण असतो. तो उघडला की केलेल्या क्रियांची यादी दिसते, ताजी सर्वांत वर. `F4` चा प्रत्येक दाब तिथे स्वतंत्र नोंद होऊन बसतो. वीस अभंग चुकीच्या मापाने मांडले गेले, तर विसावी नोंद निवडून सगळे एकदम मागे घेता येतात. मात्र यादीतली मधली एकच नोंद उचलता येत नाही. ती निवडली की तिच्या वरचं सगळं जातं. ‘सर्व बदला’ ही मात्र एकच नोंद असते, पाचशे बदल झाले तरी. फाइल सेव्ह केल्याने ही यादी पुसली जात नाही, फाइल बंद केली की जाते. म्हणून मोठी फेरी संपल्यावर कागदपत्र बंद करण्याआधी पहिल्यापासून एकदा सगळी पानं नजरेखालून घालावीत. मागे फिरायची सोय तोवरच आहे.

यादीचाच भाग म्हणून वर्डची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओळीच्या सुरुवातीला `1.` टाइप करून स्पेस दिली, की वर्ड स्वतःहून क्रमांकित यादी सुरू करतं आणि ओळ आत ढकलतं. त्या क्षणी `Ctrl+Z` एकदाच दाबलं तर आपण टाइप केलेलं जात नाही, वर्डने केलेली आगाऊ मांडणी तेवढी जाते. वर्डने स्वतःच्या क्रियेची वेगळी नोंद ठेवलेली असते. संतवाङ्मयाच्या हस्तलिखितात लेखक टिपा क्रमांक घालून लिहितो, तिथे हे फार कामी येतं.

एक्सेलमध्ये `F4` हेच काम करते. पेशीला रंग द्या, पुढच्या पेशीवर जाऊन `F4`. ओळ घाला, पुढे जाऊन `F4`. पण पेशीच्या आत सूत्र लिहिताना तीच कळ पत्त्यात `$` घालते आणि काढते. म्हणजे पेशीच्या आत असताना ती रिपीट नसतेच. आणि एक्सेलमध्ये मॅक्रो चालवला की अनडूची मागची सगळी यादी बहुतेक वेळा रिकामी होते. वर्डवरून एक्सेलकडे येणाऱ्या माणसाला हा फरक अचानक भोवतो, तेव्हा मॅक्रो चालवण्याआधी फाइलची प्रत करून ठेवलेली बरी.

हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर `F4` दाबली की आवाज किंवा उजेड बदलतो किंवा मायक्रोफोन बंद होतो, आणि लोक समजतात की ही सोय आपल्या संगणकात नाही. `Fn` बरोबर दाबली की ती मूळ कामावर येते. ते अवघड वाटलं तर `Ctrl+Y` आहेच, वर्डमध्ये दोन्हींचं काम तेच. मॅकवरच्या वर्डमध्ये `Command+Y`. `Alt` च्या जवळ बोट असेल तर मात्र जपायचं: `Alt+F4` खिडकीच बंद करते. बदल सेव्ह केलेले नसतील तर वर्ड आधी विचारतं, पण खिडकी बंद झाली की अनडूची यादी तिच्याबरोबर जाते.

अभंगांची फेरी संपली, की त्याच हस्तलिखितात दुसरं क्रियापद सुरू करता येतं: लेखांची उपशीर्षकं. पहिल्या उपशीर्षकावर कर्सर ठेवून `Ctrl+Alt+2` दाबलं, की त्याला `Heading 2` ही स्टाइल लागते. पुढच्या उपशीर्षकांना ॥१॥ सारखी शोधता येईल अशी खूण नसते. लेखकाने ती कधी ठळक केलेली असतात, कधी नुसती वेगळ्या ओळीत लिहिलेली. एखादी छोटी ओळ उपशीर्षक आहे की संवादातलं एक वाक्य, हे वाचूनच ठरतं. म्हणून या फेरीत शोध बाजूला ठेवून `Ctrl` आणि खालच्या बाणाने परिच्छेद-परिच्छेद उतरायचं आणि उपशीर्षक दिसलं की `F4`. अभंगांपेक्षा ही फेरी सावकाश होते. पण ती करताना पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून होतं, आणि कुठल्या लेखात उपशीर्षकं फार दाट आहेत, कुठे दहा-दहा पानं एकही नाही, हे लेखकाला कळवण्यासारखं टिपण त्यातच तयार होतं.